'नो अ‍ॅडेड शुगर' आणि बाबांची उपाशीपोटीची 118

वाचकाची प्रतिक्रिया:
"'नो अ‍ॅडेड शुगर' लिहिलेले रस आणि शुगरफ्री बिस्किटंही रक्तातली शुगर वाढवतात, हा तुमचा लेख वाचून राग आला. 'नो अ‍ॅडेड शुगर' असं कुणालाही उगाच छापता येत नाही, त्याला कायदा आहे. मग तुम्ही लोकांना का घाबरवता? माझ्या बाबांना डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत. ते सकाळी अशाच संत्रा रसाचा 200 मिलीचा बॉक्स घेतात आणि दुपारी चहाबरोबर चार शुगरफ्री बिस्किटं. उपाशीपोटी शुगर 118 येते. फळं खा असं डॉक्टरच सांगतात ना, मग रसानं काय बिघडतं?"

ताई, कायद्याबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि तो चांगला कडक आहे. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या 2018 च्या नियमांनुसार हा दावा करायचा तर साखर, ग्लुकोज, मध, काकवी यातलं काहीच घालता येत नाही. गोडी आणण्यासाठी खजुराची पेस्ट किंवा आटवलेला घट्ट रस वापरायलाही परवानगी नाही. तेव्हा बॉक्सवर खोटं लिहिलंय असं मी म्हणत नाही. पण कारखान्यात वरून काय घातलं नाही, एवढंच तो दावा सांगतो. फळात किंवा मैद्यात मुळात काय आहे, याबद्दल तो गप्प आहे. बाबांच्या रक्ताला मात्र तेवढंच कळतं.

आधी रसाचा बॉक्स घ्या आणि मागचा तक्ता वाचा. 'अ‍ॅडेड शुगर्स' पुढे शून्य असेल. त्याच्या वरच्या ओळीत 'टोटल शुगर्स' आहे, ती बघा. संत्र्याच्या रसात हा आकडा 100 मिलीला साधारण 9 ते 10 ग्रॅम असतो. म्हणजे 200 मिलीच्या बॉक्समध्ये 20 ग्रॅमच्या आसपास, चहाचे चार-पाच चमचे साखर. साध्या कोला कोल्ड्रिंकमध्ये 100 मिलीला 10-11 ग्रॅम साखर असते, म्हणजे फरक फार थोडा. रसात क जीवनसत्त्व आहे हे खरं, पण ग्लुकोमीटरला त्याचं काही देणंघेणं नाही.

आता फळाचा मुद्दा. एका मध्यम संत्र्यात 12 ग्रॅमच्या आसपास साखर असते, शिवाय चोथा असतो आणि ते चावून खायला पाच मिनिटं लागतात. 200 मिली रसाला अशी दोन-तीन संत्री लागतात. त्यातला बहुतेक चोथा गाळणीत राहतो आणि उरलेलं दोन मिनिटांत पोटात जातं. पातळ पदार्थ जठरात थांबत नाही, त्यामुळे साखर रक्तात भराभर उतरते. डॉक्टर फळ खा म्हणाले ते पूर्ण फळाबद्दल, रसाबद्दल नव्हे.

बिस्किटांत गोष्ट थोडी लपलेली असते. तिथे 'टोटल शुगर्स' चा आकडाही अगदी छोटा दिसेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. म्हणून तिथे साखरेची ओळ सोडून 'कार्बोहायड्रेट' ची ओळ वाचायची. मैद्यातला स्टार्च तक्त्यात साखर म्हणून मोजला जात नाही, पण पचल्यावर त्याचं सगळं ग्लुकोजच होतं. आपली नेहमीची साखर पचल्यावर निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज होते. त्यामुळे साखर काढून त्या जागी जास्तीचा मैदा किंवा माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चपासून केलेली पावडर घातली, तर खाल्ल्यानंतरची शुगर वाढवण्याच्या हिशेबात हाती फारसं काही लागत नाही. माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव लक्षात ठेवा. ते चवीला फारसं गोड नाही, पण जवळजवळ ग्लुकोजच्या वेगानं रक्तात येतं. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. पहिल्या तीन-चारांत ते दिसलं तर पुडा खाली ठेवा.

बाबांच्या चार बिस्किटांचाच हिशेब करू. समजा 100 ग्रॅमच्या पुड्यात 14 बिस्किटं आहेत, म्हणजे एक साधारण 7 ग्रॅमचं आणि चार मिळून 28 ग्रॅम. तक्त्यात 100 ग्रॅमला कार्बोहायड्रेट 68 असेल, तर चारांत 19 ग्रॅम झाले. साखर घातलेल्या मारीसारख्या बिस्किटात हाच आकडा 75 च्या पुढे असतो, म्हणजे 21. दोन ग्रॅमचा फरक! 'पॉलिऑल्स' म्हणजे साखरेऐवजी घातलेल्या एका प्रकारच्या गोड पदार्थांची वेगळी ओळ असेल आणि घटकांत माल्टिटॉल असेल, तर तेवढा भाग ढोबळमानानं निम्मा धरा, कारण तो अर्धवटच पचतो. 100 ग्रॅमला 12 ग्रॅम पॉलिऑल असेल तर आपल्या 19 चे 17 होतील. मध्यम आकाराच्या एका पोळीत 20 ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट असतात. म्हणजे चार बिस्किटं खाल्ली की बाबा चहाबरोबर जवळजवळ एक पोळी खातात, आणि रात्रीच्या जेवणातून ती कुणी वजा करत नाही. शुगरफ्री आहेत म्हणून चाराची सहा झाली, तर साध्या चारांपेक्षाही ती महाग पडतात. (पुड्यावरचा 'पर सर्व्ह' चा रकाना बघून फसू नका, तिथे बऱ्याचदा दोनच बिस्किटं धरलेली असतात.)

राहिली 118. ती उपाशीपोटीची आहे, म्हणजे रस आणि बिस्किटं यांच्या आधीची. रस प्यायल्यावर अर्ध्या-एक तासात काय होतं, हे त्या आकड्याला माहीतच नाही. घरी ग्लुकोमीटर असेल तर एका सकाळी रसाआधी आणि रसानंतर एक तासानं मोजा, त्या वेळात दुसरं काही न खाता. बिस्किटांसाठी दुसऱ्या दिवशी आधी आणि दोन तासांनी. मोजण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. बोटाला रसाचा किंवा संत्र्याच्या सालीचा अंश राहिला तर मीटर भलताच मोठा आकडा दाखवतं. पाच-दहाच्या फरकावरून काही ठरवू नका, कारण यंत्राचीच चूक 15 टक्क्यांपर्यंत चालवून घेतली जाते. पण 118 चे 190 झाले तर ते यंत्राच्या माथी मारता येणार नाही. शेजारच्या काकांना जे पचतं ते बाबांना पचेलच असं नाही, म्हणून माझ्या हिशेबापेक्षा हे दोन आकडे जास्त कामाचे. सोबत तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी चाचणी डॉक्टरांना दाखवा.

एवढं वाचून घरातले बॉक्स मात्र फेकू नका. बाबांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखी शुगर खाली आणणारी गोळी असेल किंवा इन्सुलिन असेल, तर कधीतरी शुगर 70 च्या खाली जाऊन घाम, थरथर सुरू होऊ शकते. शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर तेव्हा साधारण 150 मिली रस द्यायचा आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वेगानं शुगर चढवणं हा रसाचा नेहमीचा दोष त्या वेळी उपयोगी पडतो. बिस्किटं तेव्हा कामाची नाहीत, ती उशिरा पचतात. शुगरफ्री पेयं तर अजिबातच नाहीत. गोळ्यांच्या पट्टीवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलेलं असेल तर रसाऐवजी ग्लुकोज पावडरचा डबा जवळ ठेवा, कारण त्या गोळ्या साखरेचं विघटन अडवतात आणि थेट ग्लुकोजच लवकर लागू पडतं. तेव्हा आधी बाबांची पट्टी बघा, आणि तिच्यावर काय लिहिलंय ते इथे कळवलंत तर पुढचं बोलू.