पैसे जायला पिन नाही, थांबवायला मात्र पिन

देवगडच्या आमच्या काकांना महिन्याच्या महिन्याला ५९९ रुपये कुठे जातायत ते कळेना. पासबुकात कंपनीचं नाव असं की ते औषधाचं वाटावं नाहीतर खताचं. शेवटी काकूंना आठवलं, मालिका बघायला १ रुपयात ट्रायल घेतलेली. काका म्हणाले, "मी ता ॲप कदीच काडून टाकलंय!" आता ॲप डिलीट केलं म्हणजे कंपनीशी संबंध संपला, असं निम्म्या कोकणाला वाटतं, पण त्या १ रुपयासोबत जे ऑटोपे मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, मंजूर होतं ते ॲपमध्ये नसतंच मुळी, ते असतं यूपीआयमध्ये आणि खात्याला चिकटलेलं.

घरात रेंज नाही म्हणून सड्यावर गेलो. यूपीआय ॲपच्या प्रोफाईलमध्ये ऑटोपे उघडलं तर सापडलं की तिथे, दर महिना, ५९९ पर्यंत, मुदत २०५४. काका आत्ताच ७२ चे, म्हणजे मँडेट काकांपेक्षा जास्त जगणार होतं. बरं, पैसे कापायच्या निदान २४ तास आधी मेसेज येतो, यांनाही येत होता, पण कर्जाच्या आणि रमीच्या मेसेजांच्या ढिगात तो वाचतोय कोण.

रद्द करा वर बोट ठेवलं आणि यूपीआय पिन मागितला. काकांनी फोन छातीशी धरला. "पिन टाकलो काय पैशे जातंत, बँकेनच सांगलेला!" आता यांना काय सांगायचं? एकदा मँडेट दिलं की १५,००० पर्यंतचा हप्ता पिन न विचारता जातो, आणि तो थांबवायला मात्र पिन लागतो, ज्याने हे ठरवलं तो आमच्या काकांना भेटलेला नाही. शेवटी स्क्रीनवरचा रिव्होक शब्द तीनदा वाचून घेतला, मग टाकला पिन.

पण मग काकांना चव लागली. दिसेल ते रद्द करायला निघाले, विम्याचा हप्तासुद्धा, तो मी हात धरून वाचवला. पतपेढीच्या कर्जाचा हप्ताही शोधत होते, पण तो बँकेच्या एनएसीएच या वेगळ्या मँडेटवर, या यादीत दिसतच नाही, त्यासाठी बँकेकडेच जावं लागतं (सुदैवाने). काकूंचं भजनाचं ॲप पण इथे नव्हतं. ते प्ले स्टोअरमधल्या पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये निघालं, तेही पुतण्याच्या जीमेलवर, कारण फोन आधी त्याचा होता. तिथे रद्द केलं तरी भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत भजनं चालू राहतात, त्यामुळे काकू खूष.

गेलेले पैसे मात्र मँडेट रद्द करून परत येत नाहीत, ते कंपनीकडेच मागायचे. काकांनी "माननीय महोदय" पासून सुरू करून दीड पानी मेल लिहिली. उत्तर आलं, तक्रार फक्त ॲपमधूनच नोंदवा. सध्या काका सड्यावर उभे राहून तेच ॲप पुन्हा डाऊनलोड करतायत, ४१ टक्क्यांवर अडकलंय.