औषधानं उपास मोडत नाही. आणि जिथे मोडतो तिथेही आजाऱ्याला सूट आहे.

आज आषाढी. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. आमच्याच बिल्डिंगमधले एक आजोबा, वय अठ्ठ्याहत्तर, देवासमोर बसलेले, आणि खाली ओळ: "बाबांची आज निर्जळी. पाण्याचा थेंबही नाही, गोळ्यासुद्धा घेत नाहीत. याला म्हणतात श्रद्धा!" त्याखाली चौतीस नमस्कार. चौतीस. त्यातले चार डॉक्टरांच्या घरातले.

आजोबांना साखर आहे, बीपी आहे, हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. मी लिहिलं, "गोळ्या तरी द्या हो त्यांना." लगेच उत्तर, "ज्याची त्याची श्रद्धा, ताई." म्हणजे गप्प बसा. ग्रुपवर बसले गप्प. इथे नाही बसणार.

कारण सहा वर्षांपूर्वी अशाच आषाढीला दुपारी साडेचारला माझी आई आमच्या कोथरूडच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, समोर दाण्यांची परात. दाणे सोलून ती टरफलं परातीत ठेवत होती आणि दाणे कचऱ्याच्या डब्यात टाकत होती. मी म्हटलं, "आई, हे काय करतेयस?" तिने मान वर केली. कपाळावर घाम, ब्लाउज पाठीला चिकटलेला, आणि बाहेर पाऊस, गारठा. मला म्हणाली, "दादा जेवला का?" मामाला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

मशीनवर साखर आली ४६.

मी कपात तीन चमचे साखर विरघळवली आणि तोंडाशी नेली. तिने दात घट्ट मिटले. मिटलेल्या दातांमधूनच म्हणाली, "मोडेल." त्या एका शब्दावर मी गेली सहा वर्षं चिडलेली आहे, आणि कुणावर चिडायचं ते अजून ठरलेलं नाही.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. आईने सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतली होती, "गोळीपुरतं पाणी चालतं" म्हणून. पण तिची गोळी ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही याची तिला पर्वा नसते. पोटात काही नाही आणि इन्सुलिन मात्र येतंय, मग साखर खाली जाणारच. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. म्हणजे तिने गोळी घेऊन उपास केला हे चुकलं. आणि हे आजोबा गोळ्या सोडून उपास करतायत हेही चूकच. बरोबर एकच गोष्ट, चार दिवस आधी डॉक्टरांना विचारणं. ती कुणी करत नाही, कारण विचारलं तर ते नको म्हणतील ही भीती.

तर "मोडेल" या शब्दाबद्दल. संध्याकाळी आई भानावर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "मोडली का गं?" मी काही बोलायच्या आत समोरच्या जैन काकू आल्या. त्या स्वतः पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्या, आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. त्यांच्याकडून मला वाटलं आता त्यागाचं प्रवचन ऐकायला मिळणार. त्या म्हणाल्या, "अगं, तुम्ही सूट आधी मागून ठेवत नाही का?"

त्यांच्याकडे उपवासाचं पच्चक्खाण घेतात, म्हणजे संकल्प, आणि त्या संकल्पाच्या शब्दांतच अपवाद असतात. त्यांना आगार म्हणतात. काकूंनी हात जोडून म्हणून दाखवलं. अन्नत्थणाभोगेणं, म्हणजे विसरून तोंडात काही गेलं तर. सहसागारेणं, म्हणजे अचानक, पावसाचा थेंब उडून तोंडात पडला तर. महत्तरागारेणं, म्हणजे त्याहून मोठं कारण आलं किंवा वडीलधाऱ्यांची आज्ञा झाली तर. आणि शेवटचा सव्वसमाहिवत्तियागारेणं, म्हणजे दुखण्याने चित्ताची शांतताच गेली तर ती परत यावी म्हणून औषध घ्यावं लागलं, तर. सूर्योदयानंतर फक्त अठ्ठेचाळीस मिनिटं थांबायची नवकारशी असते, तिला पहिले दोनच आगार. उपवास मोठा झाला की आजारपणाचा आगार आत येतो. बघा, नियम जितका कडक, दार तितकं मोठं. जगातला सर्वात कठोर उपवास करणाऱ्या लोकांनी दार आधी बसवलं आणि मग भिंत बांधली.

आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते त्यांच्यात. आपल्यात नाही तसं."

आपल्यात नाही? तिच्या कीर्तनकार गुरुजींना फोन लावला. त्यांनी महाभारताच्या उद्योगपर्वातला श्लोक फोनवरच म्हटला:

अष्टौ तान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः ।
हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम् ॥

आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. पाणी, मूळ, फळ, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूंचं वचन आणि औषध. यादीत पहिलं पाणी आहे आणि शेवटचं औषध! आणि आपण नेमकं हेच दोन सोडून त्याला श्रद्धा म्हणतो.

बरं, मूळ आणि फळ मात्र आपण अगदी उदारपणे वाचलं. उपासाच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, दाणे आणि मिरची, चारही गोष्टी अमेरिका खंडातून आल्या. व्यासांनी यांतलं काही पाहिलेलं नव्हतं. जिभेसाठी शास्त्र चार वेळा वाकवलं, कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. गोळीसाठी ते वाकवायचीही गरज नाही, तसंच लिहिलेलं आहे, तर तिथे आपण कर्मठ. (खिचडीवर माझा राग नाही. आत्ताही खाऊनच लिहितेय.)

दुसऱ्यांकडे बघा. रोजा निर्जळी असतो, आणि कुराणात जिथे रोजे सांगितले त्याच आयतींमध्ये, सूरह बकरात, लगेच म्हटलंय की आजारी असेल किंवा प्रवासात असेल त्याने दुसऱ्या दिवसांत ते भरून काढावेत, आणि ज्याला झेपतच नाही त्याने गरिबाला जेवू घालावं. म्हणजे आजारी माणूस रोजा "मोडत" नाही, त्याच्यासाठी दुसरी वाट त्याच वाक्यात ठेवलेली आहे. आता तुम्ही म्हणाल, तिकडेही कित्येक मधुमेही ऐकत नाहीत. नाहीच ऐकत. मान्य. पुस्तकात सूट असून घरात ती मिळत नाही, हे दुखणं सगळ्यांचंच.

पण मला खरा हलवून गेला तो ज्यूंचा नियम. आपल्या लाल देवळात आणि रास्ता पेठेत जे प्रार्थनेला जातात ते. कोकणातून आलेले मराठी बोलणारे बेने इस्राएल त्यांच्या मोठ्या उपासाला दारफाळणीचा सण म्हणत. तो योम किप्पूर, पंचवीस तासांच्या आसपास, अन्न नाही, पाणी नाही. तालमूदमध्ये या दिवशीच्या आजाऱ्याची चर्चा आहे. आजारी म्हणतो मला खायला हवं, वैद्य म्हणतो गरज नाही. कुणाचं ऐकायचं? आजाऱ्याचं, कारण आपल्या जिवाची कडू चव ज्याची त्यालाच कळते. आता उलट. वैद्य म्हणतो खायला द्या, आणि आजारी म्हणतो मला नको. तेव्हा कुणाचं? वैद्याचं. का? तर त्याला गुंगीने धरलंय, नको म्हणतोय ती गुंगी बोलतेय.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतच बसून राहिले. दाण्यांची परात, घामेजलेलं कपाळ, "दादा जेवला का", आणि मिटलेले दात. "मोडेल" हे आई म्हणालीच नव्हती. ४६ म्हणाली होती. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ग्लुकोमीटरशिवाय हे ओळखून ठेवलं होतं. आणि खायला देतानाही त्यांच्याकडे माप आहे, शक्य असेल तर मोठ्या खजुराएवढ्यापेक्षा कमी, मग थांबायचं, मग परत थोडं. म्हणजे जीवही राहतो आणि उपासाचा धागाही.

त्या दिवशी मी काय केलं? ऐकलं नाही तिचं. शुद्धीत होती, गिळता येत होतं, म्हणून गालाशी चमचा लावून घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी ७१. मग दूध, केळं. ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी तिचा दागिना चोरला.

आपल्याकडे अंबरीष राजाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलीय, पण दुर्वासांच्या रागासाठी. मला त्यातला आधीचा प्रसंग आवडतो. द्वादशी संपायला अर्धा मुहूर्त, म्हणजे चोवीस मिनिटं, आणि पाहुणा ऋषी नदीवर गेलेला. पारणं चुकलं तर व्रतात खोट, पाहुण्याआधी जेवलं तर पाप. ब्राह्मणांनी सांगितलं, पाणी पी, ते खाल्ल्यासारखं असतं आणि न खाल्ल्यासारखंही. राजा प्यायला. उपास वेळेवर न सोडणं हाही दोषच, हे आपण विसरलोय.

आणि आगाखान पॅलेस तर आपल्याच गावात. १० फेब्रुवारी १९४३ ला गांधीजींनी तिथे एकवीस दिवसांचा उपास सुरू केला, वय त्र्याहत्तर. त्याआधीच व्हाइसरॉयना लिहून ठेवलं होतं की माझ्या शरीराला हल्ली नुसतं पाणी चालत नाही, म्हणून ते पिण्याजोगं व्हावं यासाठी त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस घालीन, कारण मला मरायचं नाही, यातून पार पडायचंय. मधे प्रकृती फारच ढासळली तेव्हा त्या सवलतीचाच उपयोग झाला. त्यांना कुणी ग्रुपवर "ढिले पडले" म्हटलं असतं?

हो, मरणाकडे नेणारे उपासही आहेत, ठाऊक आहे. फर्ग्युसनमध्ये पाली शिकवणारे धर्मानंद कोसंबी १९४७ मध्ये सेवाग्रामला असाच अन्नत्याग करून गेले. त्यावर वाद घालायची माझी पात्रता नाही. पण तो एका विद्वानाने डोळे उघडे ठेवून, सगळ्यांशी बोलून घेतलेला निर्णय होता. चौतीस नमस्कारांसाठी नव्हता.

आईचं म्हणाल तर आता आषाढीला तिची गोळी डॉक्टर आठवडाभर आधी बदलून देतात. सकाळी भगर आणि दाण्याची आमटी, दुपारी ताक, चारला मशीन. आज ११८ आली. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून माझ्यावर ओरडून झालंय. मनातून तिला अजूनही वाटतं की त्या वर्षीची मोडली. मी वाद घालत नाही.

हे टाइप करत असतानाच त्या आजोबांच्या सुनेचा वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. "ताई, काकूंना त्या वर्षी झालं होतं ती गोळी कुठली?" आणि खाली स्ट्रिपचा फोटो. मी झूम करून वाचलं.

चप्पल घालतेय. मशीन घेऊन खाली जाऊन येते.