रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल’ आहे, मग स्टॅटिन कशाला?

“शुगर कंट्रोलमध्ये, कोलेस्टेरॉल नॉर्मल, छातीत कधी दुखलं नाही, तरी डॉक्टर स्टॅटिन लिहून देतात. हा निव्वळ कंपन्यांचा धंदा. या गोळीने स्नायू झिजतात, उलट शुगरच वाढते. आजच बंद करा!”

हा मेसेज मला मागच्या आठवड्यात एका पेशंटने मोबाइलवर दाखवला. वय 54, एसटीत कंडक्टर, सात वर्षांपासून मधुमेह. गोळ्यांची पट्टी अर्धी भरलेली, कारण तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी बंद केली होती. मला राग मेसेजचा आला, काकांचा नाही. त्यांना काय सांगितलं ते इथे लिहितो.

आधी ‘नॉर्मल कोलेस्टेरॉल’. काकांचं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, होतं 118, आणि लॅबच्या कागदावर उजव्या रकान्यात छापलं होतं ‘130 पेक्षा कमी’. हा रकाना सरसकट सगळ्यांसाठी असतो, त्याला काकांचा मधुमेह माहीत नसतो. मधुमेहात रक्तवाहिनीचं आतलं अस्तर आधीच दुखावलेलं असतं. शिवाय एलडीएलचे कण बऱ्याचदा लहान आणि घट्ट असतात, ते भिंतीत सहज शिरतात. म्हणजे आकडा तोच असला तरी नुकसान जास्त. म्हणूनच 40 ते 75 वयाच्या बहुतेक मधुमेहींना, हृदयविकार झालेला नसला तरी, मध्यम ताकदीचं स्टॅटिन सुचवतात. सोबत रक्तदाब, तंबाखू किंवा किडनीचा त्रास असेल तर एलडीएल 70 च्या खाली आणायचा प्रयत्न असतो. एकदा अटॅक येऊन गेला असेल तर 55 च्या खाली.

हे नुसतं तर्कावर चाललेलं नाही. 2004 मध्ये ‘कार्ड्स’ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. ब्रिटन आणि आयर्लंडमधले 2,838 मधुमेही, कुणालाही आधी हृदयविकार नाही, एलडीएल सरासरी 118 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ आपले काकाच. निम्म्यांना अॅटोर्व्हास्टॅटिन 10 मिलिग्रॅम, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. साधारण चार वर्षांत बिनऔषधाच्या गटात शंभरातल्या 9 जणांना हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा बायपाससारखं काहीतरी झालं, औषधाच्या गटात सुमारे 6 जणांना. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी दोन वर्षं आधीच थांबवली. शंभरात तीन हा आकडा लहान वाटेल, आणि कोणते तिघे ते आधी सांगता येत नाही, हेही खरं. पण मधुमेह चार वर्षांत संपत नाही, धोका वर्षागणिक साठत जातो.

‘छातीत दुखत नाही’ यावर तर मुळीच विसंबू नका. मधुमेहात नसा बधिर झाल्या की अटॅकसुद्धा न दुखता येऊ शकतो. नुसता दम लागतो, दरदरून घाम सुटतो, नाहीतर अचानक गळून गेल्यासारखं वाटतं.

शुगर कंट्रोलमध्ये होती हे खरं, एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा, 6.8. पण काकांचा बीपी होता 142/88, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. ब्रिटनमधल्याच एका मोठ्या अभ्यासात, 1998 मध्ये, मधुमेहींचा बीपी सरासरी 154/87 ऐवजी 144/82 वर ठेवल्यावर पक्षाघात 44 टक्क्यांनी कमी झाले. आज बहुतेकांसाठी आपण 130/80 च्या खाली धरतो. वयस्कर माणसाला उठताना चक्कर येत असेल तर मात्र तिथवर ताणत नाही. काकांना घरी मोजायला सांगितलं: पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या पातळीवर, दोन वेळा.

आता मेसेजमधला खरा भाग. स्टॅटिनने शुगर थोडी वाढू शकते, हे मी लपवत नाही. 2010 साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा दिसलं की 255 जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर त्यात एखाद्याला जास्तीचा मधुमेह होतो. ज्याला मधुमेह आहेच, त्याची एचबीए1सी साधारण एखाद-दुसऱ्या दशांशाने वर जाते. ती सांभाळता येते.

स्नायूंचं दुखणंही काहींना खरोखर होतं. काकांच्या पोटऱ्या दुखत होत्या, पण गोळी बंद करून तीन आठवडे झाले तरी दुखणं तसंच होतं, म्हणजे कारण बहुधा दुसरं. गोळी थांबवल्यावर दुखणं गेलं असतं तर डोस कमी केला असता किंवा दुसरं स्टॅटिन दिलं असतं. अंग विलक्षण दुखून लघवी चहासारखी काळपट झाली, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे क्वचित होतं. अॅटोर्व्हास्टॅटिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक घेतलं तर त्याचा धोका वाढतो, म्हणून नवीन औषध लिहिणाऱ्याला स्टॅटिनबद्दल सांगायचंच. गर्भधारणेचा विचार असलेल्या बाईने तर आधीच बोलावं.

काकांनी 10 मिलिग्रॅमची गोळी पुन्हा सुरू केली आहे. तिने एलडीएल 118 वरून 75 च्या आसपास यायला हवं. दोन महिन्यांनी पुन्हा तपासू, 70 च्या वर राहिलं तर डोस वाढवू.