साठेखत पुण्यात झालं म्हणून प्लॉटचा दावा पुण्यात चालत नाही

«प्लॉट कुठेही असू द्या. साठेखत जिथे झालं, पैसे जिथे दिले किंवा करारात ज्या शहराचं कोर्ट लिहिलंय, तिथे बिनधास्त दावा टाका. कोर्ट चुकलंच तर केस आपोआप योग्य कोर्टात ट्रान्सफर होते. आणि रक्कम पाच लाखांच्या आत दाखवा, म्हणजे खालच्या कोर्टात कमी फीमध्ये काम होतं.»

असा सल्ला अनेकदा ऐकायला मिळतो. तो कुठे चुकतो हे पाहायला एक उदाहरण घेऊ. पुण्यात राहणाऱ्या एका बाईंनी वाई तालुक्यातला बिनशेती प्लॉट 18 लाखांना घ्यायचं ठरवलं. साठेखतावर सह्या पुण्यात झाल्या, विकसकाचं ऑफिस पुण्यात आणि 6 लाखांचा चेकही पुण्यातच दिला. करारात एक कलम होतं: ‘वाद झाल्यास फक्त पुण्याच्या न्यायालयांना अधिकार.’ खरेदीखत 31 मार्च 2022 पर्यंत करून द्यायचं होतं. ते झालं नाही. आता बाईंना खरेदीखत हवं आहे आणि प्लॉटचा ताबाही.

सह्या, पैसे आणि ऑफिस पाहून कोर्ट ठरवण्याचा नियम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 मध्ये आहे. प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो, किंवा दाव्याचं कारण पूर्ण वा अंशतः जिथे घडलं, तिथे दावा. पण हे कलम ‘वरील कलमांच्या मर्यादांना अधीन राहून’ असं म्हणूनच सुरू होतं, आणि वर कलम 16 आहे. स्थावर मिळकत परत मिळवणं, तिचं वाटप, तिच्यावरच्या गहाणाची वसुली किंवा सोडवणूक, तिच्यातल्या कोणत्याही हक्काचा निर्णय, या सगळ्यांचे दावे मिळकत ज्या कोर्टाच्या हद्दीत असेल तिथेच दाखल करायचे. प्लॉट वाई तालुक्यात असल्याने बाईंचा दावा सातारा जिल्ह्यातल्या, त्या तालुक्यावर अधिकार असलेल्या कोर्टात जातो.

कलम 16 ला एक परंतुक आहे आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. प्रतिवादीने स्वतः आज्ञा पाळली की वादीला हवं ते संपूर्णपणे मिळत असेल, तर प्रतिवादी राहतो तिथेही दावा चालतो. यातला ‘संपूर्णपणे’ हा शब्द वाचायचा राहून जातो.

सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये ‘हर्षद चिमणलाल मोदी विरुद्ध डीएलएफ युनिव्हर्सल’ या निकालात हेच तपासलं. प्लॉट गुडगावात होता. करार दिल्लीत, कंपनीचं मुख्य कार्यालय दिल्लीत, हप्ते दिल्लीत भरलेले, आणि करारात दिल्लीच्या कोर्टाचं कलमही होतं. 1988 मध्ये दिल्लीत दाखल झालेल्या दाव्यात कराराची पूर्तता आणि ताबा मागितला होता. कंपनीने पहिल्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, दिल्लीच्या कोर्टाचा अधिकार मान्यही केला होता आणि हरकत बऱ्याच वर्षांनी घेतली. तरीही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दिल्लीच्या कोर्टाला हा दावा चालवता येत नाही. गुडगावातल्या प्लॉटचा ताबा द्यायचा तर कोर्टाला स्वतःच्या हद्दीबाहेर जावं लागतं, म्हणून परंतुक लागू नाही. वादपत्र, म्हणजे दाव्याचा मूळ लेखी अर्ज, योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत देण्याचा हुकूम कायम राहिला. दाव्याला तेव्हा 17 वर्षं झाली होती.

करारातल्या कलमाचं उत्तरही याच निकालात आहे. 1971 च्या ‘हाकम सिंग विरुद्ध गॅमन’ निकालापासून कायदा असा आहे की कायद्याने दोन कोर्टांना अधिकार असेल, तर त्यातलं एक पक्षकार कराराने निवडू शकतात. ज्या कोर्टाला अधिकारच नाही, त्याला तो सहीने देता येत नाही. माल पुरवण्याचा करार असता तर पुण्याचं कलम उपयोगी पडलं असतं. प्लॉटच्या ताब्यासाठी ते कोऱ्या कागदासारखं आहे.

आता ‘आपोआप ट्रान्सफर’. ही समजूत मला सर्वात घातक वाटते, कारण तिच्या भरवशावर लोक निश्चिंत राहतात. अधिकार नसलेलं कोर्ट दावा पुढे पाठवत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 7 नियम 10 खाली ते वादपत्र वादीच्या हातात परत देतं, आणि योग्य कोर्टात ते वादीनेच दाखल करायचं असतं. 2020 मध्ये ‘ईएक्सएल करिअर्स’ निकालात तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट केलं की तिथे दावा पहिल्यापासून चालतो. पहिल्या कोर्टातले पुरावे आणि उलटतपास त्यामुळे हातून जातात, मनाई हुकूमही पुन्हा मागावा लागतो.

मुदत तर त्याहून महत्त्वाची. करारपूर्तीच्या दाव्याला ठरलेल्या तारखेपासून 3 वर्षं, म्हणजे बाईंची मुदत 31 मार्च 2025 ला संपते. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी पुण्यात दावा टाकला आणि 2026 मध्ये वादपत्र परत मिळालं असं समजा. नव्या कोर्टासाठी दावा त्या दिवशीचा ठरतो. मुदत कायद्याच्या कलम 14 खाली पुण्यातला काळ वजा करून मागता येतो, पण तिथे दावा सद्भावनेने आणि पुरेशी काळजी घेऊन चालवला होता हे दाखवावं लागतं, आणि ऑर्डर 7 नियम 6 प्रमाणे ते वादपत्रात लिहावं लागतं. ‘सोयीचं म्हणून पुणे निवडलं’ ही सद्भावना नव्हे. हरकत आली की लगेच मार्ग बदलणारा वादी वाचू शकतो, वर्षानुवर्षं ताणून धरणाऱ्याला अवघड जातं.

रकमेच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढंच सांगतो. मुंबईबाहेर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांची मर्यादा 5 लाखांची, त्यापुढे वरिष्ठ स्तर. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 15 प्रमाणे दावा सक्षम असलेल्या सर्वात खालच्या कोर्टातच टाकायचा असतो. पण करारपूर्तीच्या दाव्याचं मूल्यांकन महाराष्ट्र कोर्ट फी कायद्याप्रमाणे करारातल्या मोबदल्यावर होतं. साठेखतात 18 लाख लिहिलेत, मग दावाही 18 लाखांचा आणि वरिष्ठ स्तराचा. आजचा बाजारभाव 40 लाख असला तरी फरक पडत नाही. मूल्यांकन कमी दाखवलं तर कोर्ट ते दुरुस्त करायला सांगतं आणि दिलेल्या वेळेत केलं नाही तर वादपत्र फेटाळतं. प्रतिवादीने कोर्टाने वादाचे मुद्दे ठरवण्याआधी हरकत घेतली नाही आणि न्यायाची हानी झाली नाही, तर केवळ मूल्यांकन चुकलं म्हणून अपिलात निकाल उलटत नाही हे खरं. 1954 च्या ‘किरण सिंग विरुद्ध चमन पासवान’ निकालापासून ते स्थिर आहे. मात्र समोरचा वकील हरकत घ्यायला विसरेल, यावर दावा उभा करू नये.

तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते, हा नियम ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खालच्या ग्राहक आयोगांचा आहे. दिवाणी दाव्याला तो लागू होत नाही, आणि बहुधा तिथूनच ही गल्लत पसरली असावी.

बाईंना पुण्यातच दावा चालवायचा असेल तर एक सरळ वाट आहे. प्लॉट सोडून द्यायचा आणि फक्त 6 लाख व्याजासह परत मागायचे, प्लॉटवर बोजा न मागता. मग तो पैशाचा दावा होतो, कलम 20 लागतं आणि पुण्याच्या वरिष्ठ स्तर कोर्टात तो चालतो. कागद तेच, पण मागणी बदलली की कोर्ट बदलतं. म्हणून कोर्टाचं नाव लिहिण्याआधी वादपत्राच्या शेवटचा विनंतीचा परिच्छेद लिहावा. त्यात ताबा, वाटणी किंवा मिळकतीतला हक्क मागितला असेल, तर मिळकत कोणत्या तालुक्यात आहे ते आधी पाहावं.

ज्यांचा दावा आज चुकीच्या कोर्टात आहे, त्यांच्यासाठी ऑर्डर 7 नियम 10-अ आहे. वादपत्र परत करण्याआधी कोर्ट वादीला तसं कळवतं. तेव्हा वादीने अर्ज करून योग्य कोर्टाचं नाव द्यावं आणि तिथे हजर राहण्याची तारीख ठरवून मागावी. ती तारीख दोन्ही पक्षांना कळवली जाते, त्यामुळे नव्या कोर्टात समन्स बजावण्यात जाणारे महिने वाचतात. हा अर्ज वादपत्र हातात पडायच्या आधीच करावा लागतो.