फक्त ‘४के’ बघून मॉनिटर घेऊ नका

«मॉनिटर घेताना एकच बघा, ४के आहे की नाही. फुल एचडीच्या चौपट पिक्सेल, म्हणजे चौपट स्पष्ट आणि स्क्रीनवर चौपट जागा. तेवढं बजेट नसेल तर निदान २७ इंची फुल एचडी घ्या, मोठ्या स्क्रीनवर जास्त मावतं आणि अक्षरंही स्वच्छ दिसतात.»

आधी शेवटच्या सल्ल्याकडे वळू, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात.

फुल एचडी म्हणजे १९२० आडवे आणि १०८० उभे पिक्सेल. स्क्रीन २४ इंची असो वा २७ इंची, हा आकडा बदलत नाही. त्यामुळे २७ इंचीवर एक्सेलचा एकही रकाना जास्त दिसत नाही आणि वर्डच्या पानाची एकही ओळ वाढत नाही. तेवढेच पिक्सेल सुमारे सव्वापट क्षेत्रफळावर पसरतात आणि प्रत्येक ठिपका मोठा होतो, एवढाच फरक. नजर अधू असेल आणि थोडं लांब बसून वाचायचं असेल तर मोठी अक्षरं सोयीची, हे मान्य. पण ‘जास्त मावतं’ हे साफ चूक आहे.

अक्षर किती रेखीव दिसेल हे बरंचसं ठरतं ते एका इंचात किती पिक्सेल बसले यावर. यालाच पीपीआय म्हणतात. जाहिरातीत हा आकडा सहसा नसतो, पण काढायला सोपा आहे. स्क्रीनचे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात, म्हणून पिक्सेलही तसेच तिरके मोजायचे:

```
PPI = √(W² + H²) ÷ inch
√(1920² + 1080²) ÷ 24 ≈ 92
√(1920² + 1080²) ÷ 27 ≈ 82
√(2560² + 1440²) ÷ 27 ≈ 109
√(3840² + 2160²) ÷ 27 ≈ 163
```

स्पेसिफिकेशनमध्ये `Pixel Pitch` दिला असेल तर काम आणखी सोपं. २५.४ ला त्या मिलिमीटरच्या आकड्याने भागा. ०.३११ असेल तर उत्तर ८२ च्या आसपास येईल, ०.२३३ असेल तर १०९.

आता ८२ पीपीआयवर मराठी मजकूर कसा दिसतो ते बघा. विंडोजमध्ये `Scale` १०० टक्के असताना ११ पॉइंटचं अक्षर साधारण १५ पिक्सेलमध्ये काढलं जातं. इंग्रजीला तेवढं पुरतं. देवनागरीत मात्र त्याच उंचीच्या आसपास शिरोरेषा, वरची वेलांटी किंवा मात्रा, रफार, अनुस्वार आणि खालचा उकार यांची दाटी होते. ‘सर्वांनी’ लिहून बघा. ‘र्वां’मधला रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटून एकच डाग दिसू शकतो. ‘राष्ट्र’, ‘वृद्धी’, ‘कर्तृत्व’ यांची पोटं भरून येतात आणि ऱ्हस्व-दीर्घ उकार ओळखायला पुढे झुकावं लागतं. मुद्रितशोधन करणाऱ्याला हा रोजचा जाच होतो. २४ इंचीवरही अक्षराला १५ च पिक्सेल मिळतात, पण ठिपके बारीक असल्यामुळे कडांच्या पायऱ्या कमी खुपतात. `Scale` १२५ टक्के केलं की अक्षराला १८ पिक्सेल मिळतात खरे, पण मग फुल एचडीवर जागा उरते १५३६ × ८६४ एवढीच. म्हणून मजकुराच्या कामाला फुल एचडी २४ इंचांपर्यंतच ठीक.

मोठ्या आकाराचा असाच चकवा ३२ इंची २५६० × १४४० मध्येही आहे. त्याची घनता येते ९२, म्हणजे २४ इंची फुल एचडीएवढीच. जागा वाढते, रेखीवपणा मात्र तसूभरही वाढत नाही.

आता चौपटीचा हिशोब. एकूण पिक्सेल खरोखरच चौपट आहेत, सुमारे २०.७ लाखांचे ८२.९ लाख. पण ते आडवे दुप्पट आणि उभे दुप्पट असतात. त्यामुळे आकार तोच ठेवला तर घनता दुप्पट होते, चौपट नव्हे. शिवाय ती डोळ्याला कितपत कळेल हे अंतरावर अवलंबून. चांगली नजर साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखते असं धरतात. त्या हिशोबाने ३४३८ ला डोळ्यापासूनच्या अंतराने, इंचांत, भागलं की पुरेशी घनता मिळते. ६० सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण २४ इंचांवर, ती येते १४३. २७ इंची ४के (१६३) तिच्या पुढे आहे, ३२ इंची ४के (१३८) जवळपास तिथेच. २४ इंची ४के जातो १८४ वर. तिरक्या रेषेतली खाच डोळा याहूनही बारीक टिपतो, त्यामुळे ही रेघ काटेकोर नाही. तरी त्या अंतरावरून वाचताना १८४ चा वाढीव फायदा फार थोड्यांना जाणवेल.

चौपट जागा मिळते ती फक्त `Scale` १०० टक्के ठेवलं तर. २७ इंची ४केवर तसं केलं की ११ पॉइंटचं अक्षर साडेसहा पॉइंटएवढं दिसतं, दिवसभर तसं कोण वाचणार? म्हणून बहुतेक जण १५० टक्के ठेवतात. ३८४० ला दीडने भागलं की २५६० येतात, २१६० ला भागलं की १४४०. म्हणजे जागा २७ इंची २५६० × १४४० मॉनिटरएवढीच, फुल एचडीच्या पावणेदोनपटीहून किंचित जास्त. २०० टक्के ठेवलं तर जागा थेट फुल एचडीएवढी. मग ४केचे पैसे कशाचे? रेखीवपणाचे. १५० टक्क्यांवर तेच अक्षर १५ ऐवजी २२ पिक्सेलमध्ये काढलं जातं आणि ‘र्वां’मधला रफार अनुस्वारापासून सुटा होतो. दिवसभर वाचन-लेखन असेल तर हे पैसे वसूल आहेत. जागेसाठीच घेत असाल तर २७ इंची १४४० वर तेवढीच जागा मिळते.

१०० टक्क्यांवर ४के सुखाने वापरायचा तर स्क्रीन ४३ इंची हवी, तेव्हा कुठे घनता १०२ वर येते. पण ती सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असते. टेबलावर कोपरे बघायला मान वळवावी लागेल.

स्केलिंगची किंमतही धरा. काही जुनी सॉफ्टवेअर १५० टक्क्यांवर धूसर दिसतात. त्यांच्या शॉर्टकटवर राइट-क्लिक करून `Properties` → `Compatibility` → `Change high DPI settings` मध्ये जा आणि खालच्या पर्यायात `System (Enhanced)` निवडून बघा. सगळ्यांना लागू पडत नाही. शेजारी जुना ९२ पीपीआयचा मॉनिटर ठेवणार असाल तर इकडून तिकडे नेताना खिडकीचा आकार उडी मारेल.

आणि डब्यावरचं ‘४के सपोर्ट’ वाचून फसू नका. त्याचा अर्थ कधी कधी एवढाच असतो की मॉनिटर ४के सिग्नल घेतो आणि आपल्या कमी पिक्सेलमध्ये आटवून दाखवतो. स्पेसिफिकेशनमध्ये `Native Resolution` किंवा `Panel Resolution` हीच ओळ शोधा. मॉनिटर घरी आल्यावर विंडोज ११ मध्ये `Settings` → `System` → `Display` → `Advanced display` उघडा. `Active signal mode` समोर ३८४० × २१६० आणि ६० हर्ट्झच्या आसपासचा आकडा हवा. ३० दिसत असेल आणि माउसचा बाण अडखळत असेल, तर बहुधा वाटेत कुठेतरी एचडीएमआय १.४ आहे, लॅपटॉपच्या पोर्टमध्ये किंवा स्वस्त डॉकमध्ये. ते ४के ३० हर्ट्झवरच नेतं. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं, त्यामुळे लॅपटॉपच्या पोर्टची आवृत्ती मॉनिटर मागवायच्या आधीच बघून घ्या.