‘फेर’, ‘आव्हुआर’, ‘मेत्र’: एका प्रतिक्रियेला उत्तर

फ्रेंचमध्ये लिहिताना ‘फेर’ म्हणजे करणे, ‘आव्हुआर’ म्हणजे जवळ असणे आणि ‘मेत्र’ म्हणजे ठेवणे किंवा घालणे, ही कुठेही चालणारी क्रियापदे टाळून नेमकी क्रियापदे वापरावीत, असे मी एका लेखात सुचवले होते. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया आली:

“ताई, तुमचा लेख वाचून मी अहवालातले सगळे ‘फेर’ खोडले आणि तिथे ‘एफेक्त्युए’ लिहिले. लियाँच्या सहकाऱ्याने कळवले की मजकूर सरकारी वाटतो. ते लोक स्वतः दिवसभर ‘फेर’ आणि ‘मेत्र’ वापरतात. मग हा खटाटोप शाळेतल्या निबंधापुरताच नाही का?”

आपल्या सहकाऱ्याचा कान बरोबर आहे, आणि दोषाचा काही वाटा माझ्याकडेही येतो, कारण त्या लेखात मी पर्यायी क्रियापदांची यादी देऊन मोकळी झाले होते. ‘एफेक्त्युए’, म्हणजे पार पाडणे, हे ‘फेर’इतकेच पोकळ आहे, फक्त त्याला इस्त्री केलेली आहे. ‘फेर युन व्हेरिफिकासियाँ’, म्हणजे तपासणी करणे, या रचनेत सगळा अर्थ नामात असतो आणि क्रियापद केवळ काळ व पुरुष दाखवते. फ्रेंच व्याकरणात अशा क्रियापदाला ‘व्हेर्ब सुपोर’, म्हणजे आधार देणारे क्रियापद, म्हणतात. तिथे ‘एफेक्त्युए’ किंवा ‘प्रोसेदे आ’ बसवून अर्थात काहीच भर पडत नाही. नामाचेच क्रियापद करून नुसते ‘व्हेरिफिए’ लिहिले की काम होते. आपल्याकडे ‘तपासणी करण्यात आली’ आणि ‘तपासले’ यांत जो फरक आहे, तोच हा.

खरा प्रश्न मात्र पुढे आहे. देखभालीच्या एका अहवालात असे वाक्य होते: ‘नुझाव्हाँ मी अँ ज्वँ’, म्हणजे आम्ही पंपाला एक सील ‘घातले’. ‘मेत्र’ काढून काय लिहावे, हे शब्दकोश सांगू शकत नाही. जुने सील काढून नवे बसवले असेल तर ‘रांप्लासे’. पूर्वी तिथे सीलच नव्हते आणि आता लावले असेल तर ‘पोझे’. पहिल्या वाक्यावरून वाचक झीज झाली होती असे समजतो, तर दुसऱ्यावरून मूळ जुळणीतच चूक होती असे. खर्च कोणाच्या खात्यावर पडणार, हेही त्यावरून ठरू शकते. मी फिटरला फोन करून विचारले तेव्हा कळले की सील जुनेच होते, त्याने फक्त पकडीचे बोल्ट आवळले होते! म्हणजे योग्य क्रियापद ‘रसेरे’ निघाले, आणि कर्मही बदलून ‘बोल्ट’ झाले. बोलताना ‘मेत्र’ चालते, कारण समोरचा माणूस पंप पाहत असतो किंवा लगेच विचारू शकतो. सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला ती सोय नसते.

‘आव्हुआर’ बहुधा कर्ता लपवते. ‘आमच्याकडे तीन दिवसांचा उशीर आहे’ अशा अर्थाचे वाक्य लिहिले, तर उशीर पुरवठादाराने केला की कामच रेंगाळले, हे कळत नाही. पुरवठादाराला कर्ता करून ‘लिव्हरे’, म्हणजे माल पोहोचवणे, हे क्रियापद घेतले की जबाबदारी आपोआप समोर येते. पण ‘आव्हुआर’ हे भूतकाळाचे सहायक क्रियापदही असल्याने ते किती वेळा आले हे मोजण्यात अर्थ नाही.

आता ज्यांना हात लावू नये अशी ठिकाणे. ‘फेर रेपारे’ म्हणजे दुरुस्त करवून घेणे. तिथला ‘फेर’ पुनरुक्ती समजून काढला, तर ‘आम्ही मोटर दुरुस्त करवून घेतली’ याचे ‘आम्ही मोटर दुरुस्त केली’ होते. वाक्य सुटसुटीत दिसते, पण खोटे ठरते, आणि दुरुस्ती फसली तर उत्तरदायी कोण हा वाद आपणच ओढवून घेतो. आपल्या अहवालात असे किती ‘फेर’ खोडले गेले, ते कृपया आधी पाहावे. ‘फेर’च्या लगेच पाठोपाठ क्रियापदाचे मूळ रूप आले असेल तर बहुतेक वेळा तो करवून घेण्याचाच ‘फेर’ असतो.

दुसरे ठिकाण कायद्याच्या शब्दप्रयोगांचे. थकबाकीच्या एका पत्रात मी ‘मेत्र आँ दमर’ हा प्रयोग जड वाटला म्हणून काढला आणि त्याऐवजी पैसे भरण्याची सौम्य विनंती लिहिली. पण ही फ्रेंच कायद्यातली औपचारिक नोटीस आहे: नागरी संहितेच्या कलम १२३१-६ प्रमाणे उशिरा दिलेल्या रकमेवरचे कायदेशीर व्याज तिच्यापासून मोजले जाते. सौम्य विनंती ही पुरेशी ताकीद होती का, यावर ऋणको सहज वाद घालू शकतो. वकीलबाईंनी पत्र परत पाठवले, समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढून, आणि ‘मेत्र’ होता त्या जागी परत आला.