अडीच वाजताची माळ आणि वॉचमनकाकांची गोष्ट

“सत्यकथा. सोलापूरला रात्रपाळीचे वॉचमन आणि शेजारचा लहान मुलगा गप्पा मारत बसले होते. रात्री अडीच वाजता आकाशात दिव्यांची लांब माळ दिसली. मुलाने तिच्यावर बॅटरी मारताच एकेक दिवा विझत गेला. काका म्हणाले, ‘बाळा, त्यांनी आपल्याला पाहिलं.’ या प्रत्येक उपग्रहावर दिवा आणि कॅमेरा असतो, फोटो काढून झाला की दिवा बंद होतो. माळ दिसली की मुलांना घरात घ्या. यातले काहीही डोक्यावर पडू शकते, सिंदेवाहीला पडलेच होते.”

ही गोष्ट माझ्या भाच्याला आमच्या इमारतीच्या वॉचमनकाकांनी वाचून दाखवली. काकांना ती गावाकडच्या गटातून आली होती, आणि त्यांनी ती काळजीपोटीच वाचली याबद्दल मला शंका नाही. परिणाम मात्र असा झाला, की जो मुलगा रोज संध्याकाळी माझ्याआधी गच्चीवर जाऊन दुर्बिणीचे तिपाई उभे करीत असे, तो चार दिवस खाली जिन्यातच बसून राहिला. त्यामुळे पुढे कोठे माझा सूर चढला असेल, तर वाचकांनी समजून घ्यावे.

वेळेचा मुद्दा आधी घेतो, कारण ही गोष्ट तेथेच कोसळते. ही माळ म्हणजे एकाच खेपेत सुटलेल्या आणि एका रेषेत जाणाऱ्या, इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंक उपग्रहांची रांग. उपग्रहावर आपल्याला दिसेल असा दिवा नसतो. आपल्याला दिसते ते त्याच्या पृष्ठभागावरून परतलेले ऊन. जमिनीवर अंधार पडला, तरी तीनशे किलोमीटर उंचीवर सूर्य अजून मावळलेला नसतो, म्हणून सूर्यास्तानंतर साधारण तासाभरात आणि सूर्योदयापूर्वी तेवढ्याच अवधीत ही माळ चमकते. सूर्य क्षितिजाखाली सुमारे 17 अंश गेला, की तीनशे किलोमीटरवरचा डोक्यावरचा उपग्रह पृथ्वीच्या सावलीत जातो. पाचशे पन्नास किलोमीटरवर हीच मर्यादा सुमारे 23 अंशांची आहे. सोलापुरात ऐन जून महिन्यातही मध्यरात्री सूर्य क्षितिजाखाली 48 अंशांच्या आसपास असतो आणि हिवाळ्यात तर जवळजवळ थेट पायाखाली. त्यामुळे अडीच वाजता तेथून अशी माळ दिसणे शक्य नाही, मग ती पाहणारे वॉचमन कितीही सत्यवचनी असोत.

मग हा अडीचचा आकडा आला कोठून? माझा अंदाज असा, की तो उत्तरेकडच्या एखाद्या देशातून उचललेला आहे. स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह मे 2019 मध्ये सुटले आणि लगेच 24 मेच्या रात्री नेदरलँड्समधील लायडनहून उपग्रह निरीक्षक मार्को लँगब्रुक यांनी त्यांच्या माळेचे चित्रण केले. जगभर पसरलेली ती चित्रफीत मध्यरात्रीनंतरची आहे, आणि त्यात कसलाही चमत्कार नाही. लायडन 52 अक्षांशावर आहे, आणि मेअखेरीस तेथे मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली जेमतेम 17 अंश असतो. ते उपग्रह तेव्हा साडेचारशे किलोमीटरच्या आसपास होते, म्हणजे उन्हातच. तिकडची मध्यरात्र सोलापुरात आणून ठेवली, की गोष्ट वाचायला रंगतदार होते, पण सूर्य तिच्यासाठी जागा बदलत नाही.

आता बॅटरीचा प्रसंग, ज्याने आमच्या घरात खरा घोटाळा केला. गंमत अशी, की दिवे एकामागोमाग विझतात हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. लिहिणाऱ्याने ते पाहिले असावे किंवा पाहणाऱ्याकडून ऐकले असावे, पण त्याचा अर्थ त्याने आपल्या सोयीने लावला. तो अर्थ तपासायला उपकरण लागत नाही, एक खूण लागते.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नुकत्याच सुटलेल्या एका खेपेची माळ पुण्यावरून जाणार होती. मी भाच्याला आणि काकांना, दोघांनाही गच्चीवर बसवले. सूर्यास्त सहाच्या सुमारास झाला होता. सातला सहा मिनिटे कमी असताना नैऋत्येकडून पहिला ठिपका वर आला, आणि त्याच्यामागे एकाच रेषेत बाकीचे आले. विमानासारखा लाल-हिरवा उघडझाप करणारा दिवा नाही, आवाज नाही, सगळ्यांचा वेग सारखा. भाच्याने एकवीस मोजले, काकांनी तेवीस. त्यावरून दोघांत वाद चालू असतानाच माळ डोक्यावरून पुढे ईशान्येकडे कलली. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या उजवीकडे जरा खाली पहिला ठिपका तांबूस झाला, मंद झाला आणि काही सेकंदांत दिसेनासा झाला. मी भाच्याला सांगितले, की पाण्याच्या टाकीच्या पाइपाचे टोक त्या जागेच्या रेषेत धर आणि डोके हलवू नकोस. दुसरा ठिपका त्याच टोकाशी विझला, तिसराही तेथेच, आणि शेवटचासुद्धा. बॅटरी काकांच्या हातात होती, पण ती कोणी लावलीच नव्हती.

कोणी आपल्याला पाहून दिवे मालवीत असते, तर सगळे एकदम मालवले असते, किंवा जो जेथे असेल तेथे मालवला असता. मुंग्यांची रांग उन्हातून भिंतीच्या सावलीत शिरते तेव्हा प्रत्येक मुंगी एकाच रेषेपाशी काळवंडते, तसाच हा प्रकार आहे. ती भिंत म्हणजे आपण ज्यावर बसलो होतो ती पृथ्वी, हे भाच्याला मी सांगण्यापूर्वीच सुचले.

कॅमेऱ्याच्या मुद्द्यावर फार शाई खर्च करावी असे वाटत नाही. हे इंटरनेटचे संदेश पोहोचवणारे उपग्रह आहेत. जे उपग्रह खरोखर छायाचित्रणासाठी आहेत, त्यांच्यातील उत्तम व्यावसायिक उपग्रहांनाही जमिनीवरचा सुमारे 30 सेंटीमीटरचा तुकडा एका ठिपक्याएवढा दिसतो. त्यात सोलापूरच्या त्या मुलाचे सबंध डोके मावेल, आणि तेही दिवसाउजेडी.

सिंदेवाहीचे मात्र मान्य करावे लागते, जरी मनाविरुद्ध. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात आकाशातून धातूचे सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे पडले, आणि त्याआधी विदर्भापासून मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी जळत जाणारे तुकडे पाहिले. पण ते कडे चिनी प्रक्षेपकाच्या टप्प्याचे असल्याचे अभ्यासकांनी सांगितले आहे, उपग्रहांच्या माळेचे नव्हे. शिवाय कोसळणारी वस्तू ओळखता येते. तिला शेपूट असते, ती फुटते, तिचे तुकडे मागेपुढे होतात, रंग पालटतात. शिस्तीत समान वेगाने जाणारी माळ कक्षेत असते, आणि ती डोक्यावर दिसली म्हणून डोक्यावर पडत नाही. कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून घेतलेल्या आकाशाच्या छायाचित्रांवर या उपग्रहांच्या रेघा उमटतात, आणि खगोल अभ्यासकांची ती तक्रार खरी आहे. त्या तक्रारीचा गोष्टीत मात्र उल्लेखही नाही.

खाली उतरताना काका म्हणाले, “पण साहेब, मी एकदा पहाटे पावणेसहाला बघितलेली. ती तर आकाशाच्या मधूनच एकदम उगवली होती, आणि उगवतीकडे खाली गेली.” त्या वेळी त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विश्वास ठेवला नसता. त्यांची नोंद अचूक आहे. पहाटे माळ सावलीतून उन्हात येते, म्हणून ती मध्येच पेटते आणि पूर्व क्षितिजापर्यंत चमकत जाते. भाच्याने आता पहाटेचा गजर लावला आहे, आणि वेळेत उठवण्याचे काम काकांनी स्वतःकडे घेतले आहे.